माणसावरून गाडी काढताना

बोरघाटाच्या पायथ्याशी अपघाताची खबर बऱ्याचदा क्रेनवाल्याला आधी लागते, अग्निशमन दलाला नंतर. ट्रकवाले त्याला ओळखतात, ढाबेवाल्याकडे त्याचा नंबर असतो, आणि त्याची क्रेन वळणावरच उभी असते. अण्णांचं आयुष्य याच धंद्यात गेलं. त्यांच्यासमोर बसल्या होत्या अग्निशमन दलातल्या एक अधिकारी. मोडलेल्या गाडीतून माणसं सोडवण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या आणि आता इतरांना ते देणाऱ्या. दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी दोघांपुढे एकच प्रसंग ठेवला. प्रसंग कल्पित आहे, पण ऐकल्यावर दोघांनीही मान हलवली, असे पाहिलेत म्हणून.

रात्रीची वेळ, उताराचा रस्ता. डाव्या बाजूला एक ट्रक बंद पडून उभा आहे आणि छोटी कार मागून त्याच्यावर आदळली आहे. कारचा पुढचा उजवा भाग ट्रकच्या हौद्याखाली घुसला आहे. चालक शुद्धीवर आहे, पण डॅशबोर्ड त्याच्या मांड्यांवर आला आहे आणि एक पाऊल पेडलमागे अडकलं आहे. डावीकडच्या सीटवर त्याची बायको आहे. तिला खरचटलं आहे, ती बोलते आहे. दोघांच्या पुढ्यातल्या एअरबॅग फुटल्या आहेत, छताच्या कडेच्या मात्र फुटलेल्या नाहीत. नंबरप्लेट हिरवी आहे, म्हणजे गाडी बॅटरीवरची.

अण्णा : ह्यात विचार कसला करायचा? साखळी कारच्या मागच्या बाजूला टाकायची, क्रेन मागे घ्यायची, गाडी हौद्याखालून बाहेर. मग दरवाजा पहारीने उचकटायचा आणि माणूस काढायचा. मॅडमची गाडी येईस्तोवर माझा पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये असतो.

अधिकारी : गाडी बाहेर येईल, अण्णा. पण हौद्याने जो पत्रा आत दाबलाय तोच त्याच्या पायावरचा डॅशबोर्ड धरून आहे. तुम्ही झटका दिलात की तो पत्रा सुटेल, नाहीतर आणखी वळेल. कुठल्या बाजूला वळेल हे क्रेनवर बसलेल्या माणसाला दिसतं का?

अण्णा : दिसत नाही. पण हळू ओढली तर?

अधिकारी : हळू ओढण्याच्या विरोधात मी नाही. कधीकधी ओढावंच लागतं, हौद्याखाली हत्यार शिरायला जागाच नसते. माझं म्हणणं एवढंच की ती दहावी पायरी आहे आणि तुम्ही तिला पहिली करता. सांगा बरं, ट्रक कशावर उभाय?

अण्णा : हँडब्रेकवर असेल.

अधिकारी : असेल! ड्रायव्हर पळून गेलाय, उतार आहे, मागून एक गाडी आदळली आहे. तो ट्रक हातभर जरी पुढे सरकला तरी कार त्याच्याबरोबर ओढली जाईल, आणि आतला माणूसही. म्हणून माझी माणसं कारला हात लावण्याआधी ट्रकच्या चाकांना पाचर लावतात. उताराच्या बाजूने, दोन्हीकडच्या चाकांना. तुमच्याकडे क्रेनवर लाकडी ओंडके असतातच की. हे काम तुम्ही माझ्या पंधरा मिनिटं आधी करू शकता, आणि त्याला कुठलंच मशीन लागत नाही.

अण्णा गप्प राहिले. त्यांच्या क्रेनवर ओंडके असतात हे खरं. क्रेनचे पाय टेकवायला ते लागतातच. मला हे नंतर जाणवलं, की पूर्ण संभाषणात अण्णांना कमी लेखणारं वाक्य अधिकारी एकदाही बोलल्या नाहीत. त्या सारखं त्यांच्या क्रेनवरच्या वस्तूंकडेच येत होत्या.

अण्णा : ट्रकचं पटलं. पण कार तर चार चाकांवर उभी आहे. उलटलेली नाही, कुशीवर पडलेली नाही. तिच्याखाली गुटके रचत बसायचं म्हणजे वेळ घालवणं.

अधिकारी : चार चाकांवर उभी आहे म्हणजे स्प्रिंगांवर उभी आहे. माझा माणूस आत चढला की ती खाली बसते, कटरने दरवाजा तोडला की वर उसळते. आतल्या माणसाची मांडीची हाडं मोडलेली असली तर तो प्रत्येक हेलकाव्याला ओरडतो. कार चारही बाजूंनी ओंडक्यांवर टेकवायची, म्हणजे पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे, दाराखालच्या उंबऱ्याला. मग टायरच्या वॉल्व्हमधून हवा सोडायची. गाडी तिच्या वजनाने ओंडक्यांवर बसते आणि हलणं थांबतं. शिकलेल्या माणसांना ह्याला दोन-तीन मिनिटं लागतात.

अण्णा : हवा सोडली की मग ती ओढायची कशी?

अधिकारी : हा प्रश्न बरोबर आहे, आणि म्हणूनच आधी ठरवावं लागतं. ओढावी लागणार असेल तर हवा ठेवायची, फक्त चाकांना पाचर लावायची आणि ओढण्याच्या क्षणी काढायची. ओढून झाली की लगेच ओंडके. शिवाय ही गाडी बॅटरीची आहे. बॅटरीचा डबा गाडीच्या तळाखाली, दोन उंबऱ्यांच्या मधे असतो. ओंडका किंवा जॅक त्या डब्याखाली गेला तर आपणच तो चेपतो. उंबऱ्याला जॅक लावायच्या ठरलेल्या जागा असतात, तेवढ्याच वापरायच्या.

इथे अण्णांनी त्यांच्या मनातलं खरं काढलं, आणि ते चुकीचं नव्हतं.

अण्णा : मॅडम, एक सांगू? तुमच्या लोकांनी माणूस गाडीत बसवून ठेवलेला मी पाहिलाय. मानेला पट्टा, पाठीला फळी, हलवू नका, हलवू नका. तो माणूस स्वतः उतरू शकत होता. शेवटी अर्ध्या तासाने छप्पर कापून काढला. कशासाठी?

अधिकारी : ह्या बाबतीत तुमचंच बरोबर आहे, आणि आमच्या क्षेत्राने ते उशिरा मान्य केलं. आम्हाला अनेक वर्षं शिकवलं की मान एक मिलिमीटरही हलता कामा नये. मग ब्रिटनमध्ये टिम नटबीम नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जखमींच्या नोंदी तपासल्या. २०२१ मध्ये ते छापून आलं. गाडीत अडकलेल्यांपैकी ८.९ टक्के दगावले, न अडकलेल्यांपैकी ५ टक्के. मज्जारज्जूची इजा एक टक्क्याहूनही कमी जणांना. म्हणजे जी भीती धरून आम्ही वेळ घालवत होतो ती दुर्मीळ, आणि रक्तस्राव, छातीच्या जखमा ह्या वेळ न देणाऱ्या गोष्टी मात्र भरपूर. त्यांनीच आणखी एक मोजलं. शुद्धीवरचा माणूस स्वतः, सूचना ऐकत, गाडीतून उतरतो तेव्हा त्याचा कणा आम्ही छप्पर कापून काढतो त्यापेक्षा कमी हलतो.

अण्णा : मग आमच्या प्रसंगातली बायको?

अधिकारी : ती आपल्या पायाने उतरेल. तिला सांगितलेलं समजतं का, निदान एका पायावर ती उभी राहू शकते का, शरीराचा कुठलाही भाग अडकलेला नाही ना, एवढं पाहायचं. सगळं ठीक असेल तर डावं दार उघडायचं, हात धरायचा आणि उतरवायचं. ती बाहेर आली की आम्हाला आत जायला जागा मिळते. पण तिच्या नवऱ्याला हे लागू नाही. त्याला ओढलं तर पाय गाडीतच राहील.

अधिकाऱ्यांच्या एका वाक्याने मी थबकलो. त्या म्हणाल्या, आम्ही माणसाला गाडीतून काढत नाही, गाडी माणसावरून काढतो. जाणकारांच्या तोंडी हे वाक्य जुनंच आहे, पण अण्णांनी ते पहिल्यांदा ऐकलं असावं. ते म्हणाले, "ऐकायला बरं वाटतं. करून दाखवा."

अधिकारी : दाखवते. बायको उतरली तिथूनच एक जण आत जातो. तो मागच्या सीटवर बसतो, चालकाचं डोकं मागून दोन्ही हातांनी धरतो. दुसरा समोरून त्याच्याशी बोलतो. समोरूनच, कारण बाजूने हाक मारली की माणूस मान वळवतो. मग पारदर्शक जाड प्लास्टिक त्याच्यावर टाकतो, म्हणजे काचा लागणार नाहीत आणि आम्हाला त्याचा चेहरा दिसत राहील. कटर जिथे चालणार तिथे त्याच्या आणि हत्याराच्या मधे टणक फळी.

अण्णा : म्हणजे फळी सगळीकडे धरायची.

अधिकारी : एअरबॅगच्या समोर कधीच नाही. ती फुटली तर तीच फळी त्याच्या तोंडावर येईल. कुठे फुटलेल्या आणि कुठे न फुटलेल्या एअरबॅग आहेत हे आधी पाहायचं. आपल्याकडे नव्या मॉडेलमध्ये पुढच्या दोन्ही एअरबॅग एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या झाल्या, आणि आता पुष्कळ गाड्यांत सीटच्या कडेला आणि छताच्या कडेलाही असतात. न फुटलेल्या एअरबॅगपासून किती लांब राहायचं, हे साध्या आकड्यांत लक्षात ठेवतात. बाजूच्या एअरबॅगपासून ५ इंच, स्टिअरिंगच्या एअरबॅगपासून १० इंच, शेजारच्या सीटसमोरच्या एअरबॅगपासून २० इंच. तेवढ्या अंतरात ना आपलं डोकं, ना हत्यार, ना फळी.

अण्णा : आणि फुटलेली असेल तर काम संपलं.

अधिकारी : नाही. पुढच्या काही एअरबॅगना दोन टप्पे असतात. एक टप्पा फुटून पिशवी लोंबकळत असते, आणि दुसरा तसाच शिल्लक असू शकतो. म्हणून लोंबकळणारी पिशवी आम्ही निरुपद्रवी धरत नाही. बॅटरीची वायर काढली तरी एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठलेली राहते. काही गाड्यांत ती काही सेकंदांत उतरते, काहींत मिनिटंही लागतात. आमच्या प्रसंगात धोका छताजवळ आहे. चालकाच्या डोक्यावरच्या छताच्या कडेला पडद्यासारखी एअरबॅग असते आणि तिचं गॅसचं नळकांडं बहुधा छताच्या रेषेत किंवा मागच्या खांबात असतं. कटर त्यावर पडला तर दाब एकदम सुटतो. म्हणून कापण्याआधी प्लास्टिकची आच्छादनं स्क्रू ड्रायव्हरने उचकटून आत डोकावायचं. ह्याला एक मिनिट लागतं. सीटबेल्टच्या तळाशीही मधल्या खांबात बेल्ट खेचणारा स्फोटक भाग असू शकतो. तिथेही तेच.

अण्णा : माझी पहार ह्यातलं काहीच करत नाही.

अधिकारी : तुमची पहार दाराच्या फटीत जागा करते, ती आम्हालाही लागते. फक्त कुठे खुपसायची ते ठरवून.

वीज बंद करण्याचा भाग आला तेव्हा अण्णा पुढे सरकून बसले. हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या ते वाढत्या संख्येने उचलत आहेत, आणि त्यांच्याविषयी त्यांच्या मनात धास्ती आहे. आधी काय करायचं नाही, तेच अधिकाऱ्यांनी सांगितलं. पेट्रोलची गाडी सुरू असली तर आवाज येतो. ही शांत असते. ती बंद आहे असं धरून तिच्यापुढे उभं राहायचं नाही. चाकांना पाचर, गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक, मग बटणाने बंद, आणि चावी गाडीपासून दूर, कारण बिनचावीची गाडी जवळच्या चावीला प्रतिसाद देते. हे सगळं करण्याआधी विजेचा जेवढा उपयोग करून घ्यायचा तेवढा करायचा: काचा खाली, दारांचे लॉक उघडे. वीज गेली की काच हातोडीने फोडावी लागते.

अण्णा : ७२ व्होल्ट का ४०० व्होल्ट, काय असतं ते? पत्र्यात करंट येतो ना?

अधिकारी : कारमध्ये साधारण ३०० ते ४०० व्होल्ट, काहींत त्याहून जास्त. पण त्या मोठ्या बॅटरीची तार पत्र्याला जोडलेली नसते. म्हणून गाडीला हात लावला की झटका बसतो, असं नाही. धोका नारिंगी तारांचा. जाड नारिंगी तार दिसली की तिच्यावर कटर नाही, आणि उंबऱ्याच्या आतून जाते तिथेही नाही. बहुतेक गाड्यांत मोठी धडक बसून एअरबॅग फुटली की ती मोठी वीज आपोआप तोडली जाते. तरीही आपण स्वतः खात्री करायची. बॉनेटखाली लहान १२ व्होल्टची बॅटरी असते, तीच मोठ्या बॅटरीचे स्विच जोडून धरते. तिची आधी काळी, म्हणजे ऋण तार काढायची, मग लाल. तारा परत टेकू नयेत म्हणून वाकवून टेप गुंडाळायची. आपल्या प्रसंगात मात्र बॉनेट हौद्याखाली दाबलं गेलंय, तिथे हात पोचणार नाही. अशा वेळी गाडीच्या बचावपत्रकात दिलेली दुसरी जागा शोधावी लागते. बचावपत्रक म्हणजे ठरलेल्या नमुन्यातला नकाशा, त्यात बॅटरी, नळकांडी, तोडायची आणि न तोडायची जागा दाखवलेली असते. तो फोनमध्ये आधीच उतरवून ठेवायचा. रात्री घाटात शोधत बसायचा नसतो.

अण्णा : तार काढली की ती मेली?

अधिकारी : मेली नाही, अलग झाली. बॅटरीच्या आतले सेल भरलेलेच राहतात, आणि मोटारीच्या इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरना उतरायला काही मिनिटं लागतात. म्हणूनच तार काढल्यावर दहा मिनिटं तरी नारिंगी तारा जिवंत समजायच्या.

यानंतर त्यांनी पायाचा भाग सांगितला. इथे हत्यारं येतात, पण खरं पाहता अडचण हत्यारांची नसून विचाराच्या क्रमाची असते. दाराच्या बिजागरीची बाजू मोकळी करून चालकाचं दार काढतात, जरूर पडली तर मधला खांब तळाशी आणि वर कापून पूर्ण बाजू उघडतात. मधल्या खांबाचं पोलाद हल्ली इतकं कणखर असतं की जुना कटर त्यावर बोथट होतो. तो न तुटला की खांबाची मऊ जागा शोधायची, जोर वाढवायचा नाही. मग पुढच्या खांबाच्या पायथ्याशी, उंबऱ्याच्या जरा वर, पत्र्याला एक चीर द्यायची, म्हणजे खांब वाकू शकेल. नंतर रॅमचं मागचं टोक मधल्या खांबाच्या पायथ्याला आणि पुढचं टोक पुढच्या खांबाला टेकवून डॅशबोर्ड वर-पुढे ढकलायचा.

अण्णा : तिथे ओंडके लागत असतील.

अधिकारी : नेमकं तिथेच. रॅम ढकलतो तेव्हा मधल्या खांबाचा तळ खाली दाबला जातो. खाली ओंडका नसेल तर डॅशबोर्डऐवजी उंबरा बसतो. आणि आपल्या गाडीत तो उंबरा बॅटरीच्या डब्याला लागूनच आहे. म्हणून रॅम जमिनीच्या पत्र्यावर किंवा मधल्या फुगवट्यावर नाही, कणखर खांबाच्या पायथ्यालाच. चीर दिल्यावर डॅशबोर्ड दहा-पंधरा सेंटिमीटर सरकला तरी मांड्या मोकळ्या होतात. पेडलला पट्टा बांधून तो पट्टा अजून लटकत्या डाव्या दाराला बांधता येतो. दार उघडलं की पेडल बाजूला वाकतं. जमलं तर ही युक्ती कटरपेक्षा बरी.

अण्णा : आणि सुटलं की ओढायचं.

अधिकारी : सुटण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. जो पाय तासभर दाबलेला होता त्याच्यावरचा दाब सुटला की अडकलेलं रक्त उसळू शकतं, आणि रक्तात साचलेल्या गोष्टी हृदयापर्यंत जाऊ शकतात. १०८ च्या डॉक्टरांनी सलाईन लावून तयार असलं पाहिजे. "सोडतोय" असं ओरडून सांगितल्याशिवाय रॅमची शेवटची कळ फिरवायची नाही. मग सीट मागे, पाठीमागे फळी सरकवून माणूस तिच्यावरून बाहेर.

अण्णा म्हणाले, तुमचं सगळं मानलं, पण ज्या रात्री तुमची गाडी चाळीस मिनिटांनी येते त्या रात्री माझ्यासमोर माणूस रक्ताने भिजलेला असतो. त्याचं काय करायचं? यावर अधिकाऱ्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग त्या म्हणाल्या, आग लागली असेल किंवा गाडी दरीत घसरत असेल, तर हे सगळे नियम बाजूला, जसा येईल तसा काढा. बाकी वेळी, ट्रकला पाचर, गाडी बंद, जखमेवर कापड दाबून धरणं, आणि बोलत राहणं. एवढ्याने चाळीस मिनिटांतला माणूस आमच्यासाठी उरतो. आणि मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घातलं आहे, हेही त्यांनी आठवणीने सांगितलं. अण्णांनी हसून, "कायदा पोलिसाला पण सांगा," असं म्हटलं.

शेवटी गाडी उचलण्याचा विषय निघाला, आणि तिथे पुन्हा अण्णा जाणकार ठरले. बॅटरीची गाडी टोइंगच्या दोरीने ओढत नेऊ नये, चाकं फिरली की मोटार वीज तयार करते, म्हणून ती सपाट पाठीच्या गाडीवर चढवूनच नेतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं. अधिकाऱ्यांनी त्यात भर घातली. बॅटरीतून चटचट आवाज, सूं सूं, किंवा पांढरा धूर दिसला की तो धूर नसतो, पेटू शकणारा वायू असतो. तेव्हा सगळ्यांनी मागे व्हायचं. विझली असं वाटलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटते, आणि तिला थंड करायला साध्या गाडीच्या आगीपेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं.

अधिकारी : म्हणून तुमच्या यार्डात ती इतर गाड्यांपासून आणि भिंतीपासून किमान १५ मीटर लांब ठेवायची. उघड्यावर, छताखाली नाही.

अण्णा : १५ मीटर चारही बाजूंनी? मॅडम, तेवढ्या जागेत माझ्या यार्डात दहा गाड्या उभ्या राहतात. विमा कंपनीचा माणूस पाहणीला यायला आठवडा घेतो, कधी दोन. एवढ्या जागेचं रोजचं भाडं कोण देणार?

अधिकाऱ्यांकडे ह्याचं उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, विचारून सांगते.